सोसायटी ग्रुप: स्कूटरच्या जाहिरातीतला हिशेब तपासून हवाय

समीर (ए-१०३): नमस्कार मंडळी. आपल्या दुकानासाठी चाळीस सेकंदांची जाहिरात करायची आहे, लोकल केबलवर आणि गणपतीत मंडपातल्या स्क्रीनवर लावायला. विषय एकच, इलेक्ट्रिक स्कूटर चालवायला किती खर्च येतो. कंपनीच्या पत्रकात 'किलोमीटरला फक्त १८ पैसे' असं छापलंय. ते तसंच उचलायला माझं मन घेत नाही. गिऱ्हाईक आपल्याच भागातलं असतं, दोन महिन्यांनी विजेचं बिल घेऊन दुकानात येतं. म्हणून आधी तुम्ही हिशेब तपासून द्या.

गणेशदादा (ए-३०४): १८ पैसे कसे काढले ते टाक की आधी.

समीर (ए-१०३): बॅटरी ३ युनिटची. युनिटचा दर ८ रुपये धरला, म्हणजे २४ रुपये. एका चार्जमध्ये १३० किलोमीटर. २४ भागिले १३०, आले १८ पैसे.

देशपांडे काका (सी-२०१): समीर, यात तीन आकडे आहेत आणि तिन्ही आपल्याला सोयीच्या बाजूला झुकलेत. १३० हे चाचणीतलं अंतर आहे. ३ युनिट म्हणजे बॅटरीत मावणारी वीज, मीटरवर पडणारी नव्हे. आणि ८ रुपये कुठल्या बिलावरून घेतले? आधी वापरणाऱ्यांना विचार. मेघा, तुझा पार्किंगमध्ये सबमीटर आहे ना?

मेघाताई (बी-४०२): हो काका, कमिटीने परवानगी देतानाच सबमीटरची अट घातली होती, त्याचा आता उपयोग होतोय. मी एका चार्जवरून कधी मोजत नाही, कारण शून्यावर आणून शंभरपर्यंत चार्ज असं रोज कोणीच करत नाही. महिन्याच्या एक तारखेला सबमीटरचं रीडिंग आणि स्कूटरचे किलोमीटर दोन्ही लिहून ठेवते. गेल्या महिन्यात ७१५ किलोमीटर झाले आणि सबमीटरवर २७ युनिट पडले. म्हणजे ९० किलोमीटरला साधारण ३.४ युनिट.

समीर (ए-१०३): ताई, तुमचीही बॅटरी ३ युनिटचीच आहे. ९० ला ३.४ म्हणजे बॅटरीत मावते त्याहून जास्त?

मेघाताई (बी-४०२): बॅटरीत तेवढी जात नाही, वाटेत जाते. चार्जर गरम होतो, बॅटरीही थोडी गरम होते, ती सगळी वीज मीटरने मोजलेलीच असते. बिल भिंतीतल्या सॉकेटवरचं येतं, त्यामुळे मोजायचं तिथेच. माझा रस्ता कोथरूड ते हिंजवडी, चांदणी चौकाचा चढ धरून. मागे कोणी बसलं किंवा स्पोर्ट मोड लावला की रेंज आणखी उतरते. पुण्यात रोजच्या वापराला ९० सांग, गिऱ्हाईक परत येऊन भांडणार नाही.

देशपांडे काका (सी-२०१): आता दराचं. इथे बहुतेक लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. महावितरणच्या घरगुती बिलात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० बरेच महाग, त्यापुढे आणखी महाग. स्कूटरचे युनिट घरच्या वापराच्या वर येऊन बसतात. फ्रीज, पंखे, गीझर यांना तुम्ही काही बंद करत नाही. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून आलेला सरासरी दर इथे चालत नाही. स्कूटरला लागू होतो तो तुमचा सर्वात वरचा स्लॅब. त्यात वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि या सगळ्यावर वीज शुल्क धरायचं. स्थिर आकार सोडून द्यायचा, तो स्कूटर नसतानाही येतोच. मेघाच्या घरचा वापर १६० युनिटच्या आसपास आहे, त्यामुळे स्कूटरचे सगळे २७ युनिट दुसऱ्या स्लॅबमध्ये पडतात. तिच्या बिलावरून मी दर काढला तर १३ रुपयांच्या जवळ जातो.

गणेशदादा (ए-३०४): काका, १०० पार झालं की सगळंच बिल महाग दराने लागतं असं म्हणतात. त्या भीतीनेच आमच्या घरी स्कूटरचा विषय अडलाय.

देशपांडे काका (सी-२०१): नाही गणेश, तसं नाही. १०० च्या वरचे तेवढेच युनिट महाग दराने लागतात, खालच्या १०० चा दर बदलत नाही. तुमचा वापर ९० असेल आणि स्कूटरचे २७ आले, तर त्यातले १० स्वस्त दराने आणि १७ महाग दराने. म्हणजे तुम्हाला स्कूटर मेघापेक्षाही स्वस्त पडेल. जाहिरातीत मात्र १३ च घ्या. ज्याचा दर कमी लागेल त्याला फायदाच होईल, तक्रार होणार नाही.

समीर (ए-१०३): काका, मग एका चार्जची वीज ३.४ गुणिले १३, म्हणजे ४४ रुपये. किलोमीटरला ४९ पैसे. १८ चे ४९ झाले.

प्राची (बी-१०१): होऊ देत की. पेट्रोलच्या शेजारी ठेवून बघ, ४९ पैसेसुद्धा खूप कमी आहेत. गणेशदादा, तुमच्या स्कूटरचं शहरातलं ॲव्हरेज किती?

गणेशदादा (ए-३०४): १२५ सीसी आहे. टाकी फुल करून मोजलं की ४२-४३ येतं, हायवेला ५० च्या जवळ.

प्राची (बी-१०१): मग ४५ धरू या, पेट्रोलच्या बाजूने झुकतं. आता गंमत बघा, ९० किलोमीटरला बरोबर २ लिटर लागतं. पंपावर आज १०४ च्या आसपास आहे, म्हणजे २०८ रुपये. त्याच ९० किलोमीटरला वीज ४४ रुपयांची. समीर, पैसे-प्रति-किलोमीटर काढूनच टाक. ऐकणाऱ्याला ४९ पैसे आणि २ रुपये ३१ पैसे लक्षात राहत नाहीत. 'दोन लिटर पेट्रोल की एक चार्ज' हे लगेच डोळ्यांसमोर येतं. रोज ३० किलोमीटर जाणाऱ्याचे हे तीन दिवस झाले. महिन्यात २४ दिवस कामाचे धरले तर असे आठ वेळा. दर वेळी १६४ वाचतात, आठ वेळा म्हणजे १,३१२.

समीर (ए-१०३): वा प्राची, हेच हवं होतं. स्क्रीनवर दोनच आकडे ठेवतो, २०८ आणि ४४.

अनिल काका (सी-१०४): समीर, माझं काय? माझं जाणं भाजी, बँक आणि संध्याकाळी बाग. रोज ५ किलोमीटर होतील.

समीर (ए-१०३): काका, तुमचं खरं सांगतो. महिन्याला १५० किलोमीटर म्हणजे बचत पावणेतीनशेच्या आसपास. माझ्या दुकानात तुलनेच्या पेट्रोल स्कूटरपेक्षा ऑन-रोड किंमत साधारण २० हजार जास्त पडते. रोज ३० किलोमीटरवाल्याचा हा फरक सव्वा वर्षात भरून निघतो, तुम्हाला सहा वर्षं लागतील. आवाज नको, पंपावर थांबायला नको म्हणून घेणार असाल तर जरूर घ्या. पैसे वाचवायला म्हणून घेणार असाल तर सध्याची चालू द्या.

अनिल काका (सी-१०४): बरं केलंस सांगितलंस. मग जाहिरातीत 'रोज ३० किलोमीटर' हे मोठ्या अक्षरांत हवं.

मेघाताई (बी-४०२): आणि समीर, 'चालवण्याचा खर्च' असंच म्हण, नुसतं 'खर्च' नको. बॅटरीची वॉरंटी संपल्यानंतरचा प्रश्न वेगळा आहे, तो या ४४ रुपयांत नाही. वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, ते काउंटरवर लेखी दे. शिवाय घरी चार्जिंग होत नसेल तर हा दर लागू नाही. बाहेरच्या चार्जिंग पॉइंटला युनिट २० रुपयांना पडलं तर एका चार्जचे ६८ होतात. तरीही २०८ पेक्षा कमीच आहेत, पण ४४ नव्हेत.

गणेशदादा (ए-३०४): सर्व्हिसिंगचं का नाही घेत? इंजिन ऑइल नाही, एअर फिल्टर नाही, प्लग नाही.

समीर (ए-१०३): दादा, घेतलं असतं, पण टायर आणि ब्रेक पॅड तिथेही लागतात आणि प्रत्येकाचं सर्व्हिसिंग वेगळं. एका जाहिरातीत एकच हिशेब राहू दे. ज्याला बाकीचं विचारायचं असेल तो दुकानात येईल.

प्राची (बी-१०१): लिहिलंय. वाचून बघा. दुकानाच्या काउंटरवरचा प्रसंग आहे.

*दृश्य:* काउंटर. नोकरीला निघालेली ताई, हातात हेल्मेट. समोर दुकानदार.
*ताई:* दादा, नुसतं 'खूप वाचतं' नका सांगू. माझं रोजचं जाणं-येणं ३० किलोमीटर. हिशेब सांगा.
*दुकानदार:* तीन दिवसांचे झाले ९० किलोमीटर. पेट्रोल स्कूटरला दोन लिटर. किती होतात?
*ताई:* २०८ रुपये.
*दुकानदार:* तेवढ्याच अंतराला हिला घरच्या मीटरवर वीज लागते ३.४ युनिट. १३ रुपयांनी ४४ रुपये.
*(पडदाभर: २०८ | ४४)*
*ताई:* म्हणजे तीन दिवसांत १६४?
*दुकानदार:* आणि महिन्यात असे आठ वेळा. तेराशे रुपये.
*ताई:* माझ्या बिलावरही एवढेच?
*दुकानदार:* तुमचं विजेचं बिल घेऊन या, तुमच्याच स्लॅबने काढून देतो.
*खाली, वाचता येईल अशा अक्षरांत:* पेट्रोल १०४ रु. लिटर, ४५ किमी ॲव्हरेज, रोज ३० किमी, महिन्याला २४ दिवस, घरी चार्जिंग. फक्त चालवण्याचा खर्च.

देशपांडे काका (सी-२०१): शेवटचं वाक्य फार आवडलं. बिल घेऊन आलेल्याला वीज आकाराच्या तक्त्यातली त्याची शेवटची ओळ दाखव, त्याचा स्लॅब आणि वीज आकाराचा दर तिथे असतो. वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क त्यात मिळवायचं. आणि पेट्रोलचा किंवा विजेचा दर बदलला की संवादातले, पडद्यावरचे आणि खालच्या पट्टीतले आकडे बदलायचे, जुना आकडा मंडपात चालू ठेवायचा नाही.

समीर (ए-१०३): नक्की काका. पट्टी आणि पडद्यावरचे आकडे वेगळे ठेवतो, म्हणजे दर बदलला की आकड्यांचे तेवढेच संवाद पुन्हा रेकॉर्ड करावे लागतील. दुकानातही सॉकेटला एक मीटर लावतो, डेमोची गाडी त्यावरच चार्ज होईल. ज्याला ३.४ वर विश्वास नसेल त्याने स्वतः रीडिंग बघावं.

मेघाताई (बी-४०२): माझं पुढच्या एक तारखेचं रीडिंगही टाकते. पावसात ट्रॅफिकमुळे किती फरक पडतो तेही कळेल.

गणेशदादा (ए-३०४): काका, आमचं बिल फोटो काढून पाठवतो तुम्हाला. आमचा वापर ९० च्या आतच असतो. आणि समीर, शनिवारी मी आणि वहिनी दोघंही येतो, चांदणी चौकाच्या चढावर डबल सीट चालवून बघायची आहे.

समीर (ए-१०३): या दादा. सकाळी या, पूर्ण चार्ज करून ठेवतो.