मदत हवी आहे : डेटा स्ट्रक्चर्सची उजळणी, नोकरी सांभाळून

नमस्कार मंडळी, फायनल दोन आठवड्यांवर आली आहे. संध्याकाळी मी बेळगावात खडे बाजारच्या एका कापड दुकानात असतो, रात्री बसने खानापूर. म्हणजे अभ्यासाला फक्त पहाटेचे दोन तास.

पहिला आठवडा ट्री आणि ग्राफला, दुसरा जुन्या पेपरांना द्यायचा विचार आहे. स्टॅक, क्यू पटकन उरकतील. घोडं अडतंय एव्हीएल ट्रीत. 50, 20, 30 घातले की आधी 20 वर डावं, मग 50 वर उजवं रोटेशन करून 30 रूट होतो, इथवर जमतं. पण नोड काढताना एका रोटेशनने भागेलच असं नाही, रूटपर्यंत प्रत्येक पूर्वजाचा बॅलन्स तपासावा लागतो. त्यातच पहाट संपते.

डिलीशनला आणखी दोन पहाटा द्याव्यात, की त्या हॅशिंगला वापराव्यात? नोकरी करत हा पेपर दिलेल्यांनी सांगा ना.