सॅलन-की लो-पासमध्ये कटऑफच्या आधी कुबड का येतं?

> दोन्ही आर सारखे, दोन्ही सी सारखे, कटऑफ १ किलोहर्ट्झ काढला, ऑपअँपचा गेन २ ठेवला. ७०० हर्ट्झच्या आसपास आउटपुट वाढतंय आणि १ किलोहर्ट्झला ३ डीबी पडतच नाही?

कॅपॅसिटर बदलत बसू नका, गडबड गेनची आहे. सगळे आर-सी सारखे असले की त्या सर्किटमध्ये `Q = 1/(3-K)`, म्हणजे गेन २ ला क्यू बरोब्बर १. आणि तुम्ही काढलेल्या फ्रिक्वेन्सीला डीसी गेनच्या क्यू पट आउटपुट मिळतं, म्हणून १ किलोहर्ट्झला ते डीसीइतकंच, आणि त्याच्या आधी ७०७ हर्ट्झला साधारण १.२५ डीबीचं कुबड, खरे ३ डीबी पडतात थेट १.२७ किलोहर्ट्झला. क्यू ०.७०७ केला की कुबड गायब, त्यासाठी गेन १.५८६ हवा, फीडबॅकला ५.६के आणि ग्राउंडला १०के लावा, पुरेसं जवळ येतं (क्यू ०.६९). क्यू ०.५ पर्यंत खाली नेलात तर मात्र १ किलोहर्ट्झलाच ६ डीबी जातात, पासबँड आधीपासूनच ढेपाळतो. आणि गेन वाढवायचाच असेल तर जपून हां, २.८ ला क्यू ५, २.९ ला १०, आणि ३ ला पोचलात की फिल्टर नाही ऑसिलेटर झाला, तिथे एक टक्क्याचे रेझिस्टरसुद्धा दगा देतात.