वायादोलिदचा वाद: निकाल लागलाच नाही

> "पण १५५० च्या त्या वादात शेवटी जिंकलं कोण, लास कासास की सेपुल्वेदा?"

कोणीच नाही, निदान कागदावर तरी. स्पेनमधल्या वायादोलिद गावी झालेला हा वाद होता, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना तलवारीने जिंकणं न्याय्य आहे का, यावर. लास कासास हा त्यांची बाजू घेणारा धर्मगुरू, तर सेपुल्वेदा हा जिंकण्याचं समर्थन करणारा विद्वान. आपण समजतो तशी ती समोरासमोरची जुगलबंदीही नव्हती. पंचांपुढे दोघांनी वेगवेगळं म्हणणं मांडलं. सेपुल्वेदा काही तासांत आटोपला. त्याचा मुद्दा असा, की हे मूळ रहिवासी रानटी आहेत, नरबळी देतात, म्हणून आधी तलवारीने ताब्यात घ्या, मग धर्म शिकवा. गंमत म्हणजे या गृहस्थाने अमेरिकेत कधी पाऊलही टाकलं नव्हतं. लास कासास मात्र आपलं लॅटिन हस्तलिखित घेऊन आला आणि सलग पाच दिवस वाचतच राहिला! पंच इतके मेटाकुटीला आले असावेत, की त्यांच्यातल्याच दोमिंगो दे सोतो या धर्मपंडिताला दोन्ही बाजूंचा सारांश काढायला लावला.

१५५१ मध्ये दुसरी बैठक झाली. त्यानंतर पंच आपापल्या गावी पांगले. लेखी मत द्यायला त्यांनी इतकी टाळाटाळ केली, की पुढे कित्येक वर्षं स्मरणपत्रं जात होती.

सेपुल्वेदाच्या पुस्तकाला स्पेनमध्ये छपाईची परवानगी मिळाली नाही, तेवढा लास कासासचा विजय. स्पेनच्या राजाच्या १५७३ च्या फर्मानात मुलूख 'जिंकणे' हा शब्द काढून 'शांतता प्रस्थापना' घातला गेला. पण एन्कोमिएन्दा, म्हणजे गावंच्या गावं वेठीसाठी एखाद्या स्पॅनिश माणसाला नेमून देण्याची पद्धत, चालूच राहिली. स्पेनच्या राजाच्या १५४२ च्या कायद्यातलं ती वारशाने न देण्याचं कलम तर वसाहतवाल्यांच्या बंडाळीमुळे १५४५ मध्येच मागे घेतलं होतं.