प्रतिसाद: नानजिंगचा वेढा आणि 'मान्ना'

> लढाईत दोन कोटी माणसं मेली कशी?

एकोणिसाव्या शतकात चीनच्या छिंग राजवटीविरुद्ध झालेल्या ताइपिंग बंडात बहुतेक जण भुकेनं आणि रोगांनी गेले. बंडखोरांची राजधानी असलेल्या नानजिंगचंच बघा. छिंग सेनापती झंग ग्वोच्वानच्या सैन्याने 1862 पासून शहर आवळत नेलं, धान्याच्या वाटा बंद केल्या. बंडखोरांचा सेनापती ली श्यूचंगने राजधानी सोडायची विनवणी केली. पण स्वतःला येशूचा धाकटा भाऊ मानणारा बंडाचा नेता हाँग श्यूच्वान हटला नाही. बायबलात देवाने वाळवंटात भुकेल्या लोकांना 'मान्ना' नावाचं अन्न पुरवलं होतं, म्हणून त्याने लोकांना रानगवत खायला सांगितलं आणि स्वतःही तेच खाल्लं. श्रद्धा खरी होती, म्हणूनच हे वाचताना जास्त त्रास होतो. जून 1864 मध्ये तो आजारात गेला. 19 जुलैला तट सुरुंगाने फुटला आणि उपाशी शहरात कत्तल सुरू झाली.