'अंशदायी निष्काळजीपणा' : नेमका कशातला अंश?

शब्दवेडी : एका निकालाचा अनुवाद करते आहे. पादचारी झेब्रा पट्ट्यांपासून तीसेक मीटर पुढे रस्ता ओलांडत होता आणि भरधाव मोटरसायकलने त्याला उडवलं. त्याच्याकडून 'अंशदायी निष्काळजीपणा' झाला, असं लिहायचं आहे. पण हा शब्द पाहिला की मला अंशदायी निवृत्तिवेतन आठवतं. जणू तो माणूस दरमहा थोडाथोडा निष्काळजीपणा भरत होता! याहून बरा शब्द आहे का?

भटक्या : पट्टे सोडून गेला ना? मग 'स्वतःची चूक' लिहा आणि मोकळ्या व्हा. चूक त्याची, भरपाई शून्य.

जुना_वकील : भटक्या, तुम्ही दोनशे वर्षं उशिरा आलात. 1809 साली इंग्लंडमध्ये एकाने रस्त्यात आडवा खांब टाकला होता आणि घोडा उधळत आलेला स्वार त्यावर आदळला. स्वाराचीही चूक, म्हणून त्याला काहीच मिळालं नाही. तिथे 1945 च्या कायद्याने हे बदललं. आता भरपाई दोषाच्या प्रमाणात कमी होते, बुडत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड, व्हर्जिनियासारख्या मोजक्या राज्यांत मात्र जुना नियम अजून बराचसा टिकून आहे. तेव्हा शब्दवेडी, निकाल कुठला आहे ते आधी पाहा.

आता शब्दाबद्दल. पट्टे सोडले एवढ्याने 'अंशदायी' होत नाही. त्या चुकीचा अपघाताला किंवा इजेला हातभार लागला पाहिजे, आणि तो लागला हे मोटरसायकलवाल्याने सिद्ध करायचं असतं.

शब्दवेडी : हातभार लागला हे कळतं कसं?

जुना_वकील : अंतरावरून. समजा वेगमर्यादा ताशी 50 किलोमीटर आणि गाडी 80 ने येतेय. पादचाऱ्याने पाऊल टाकलं तेव्हा ती 60 मीटरवर होती. माणूस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. रस्ता कोरडा असेल तर 50 च्या वेगाने गाडी सुमारे 37 मीटरमध्ये थांबते. 80 ला जवळजवळ 75 मीटर लागतात. म्हणजे मर्यादेत असता तर तो माणसाच्या बराच अलीकडे थांबला असता. प्रत्यक्षात ब्रेक लावूनही धडक ताशी 47 च्या आसपास बसली. इथे मोठा वाटा वेगाचा. पादचाऱ्याचा वाटा इतकाच, की येणारी गाडी न पाहता तो निघाला. पट्ट्यांवरून निघाला असता तरी हेच घडलं असतं का, हाही प्रश्न उरतोच.

हेच अंतर 20 मीटर करा. मग 50 वाल्यालाही ब्रेक दाबायला वेळ मिळत नाही. वेगामुळे इजा वाढली असेल, पण धडक टळली नसती. पादचाऱ्याचा वाटा इथे झपाट्याने वाढतो.

वाटसरू : माझंही असंच झालं होतं. मी मित्राच्या मागे बसलो होतो, तो जोरात चालवत होता आणि समोरून एक गाडी चुकीच्या बाजूने आली. पाय मोडला. विमावाले म्हणाले, दोघा चालकांची चूक आहे, तुमचे पैसे कापणार. हाच तो अंशदायी ना?

जुना_वकील : नाही हो. तुमची स्वतःची चूक कुठे होती? दोघांच्या चुकांनी तिसऱ्याला इजा झाली, तर तो संयुक्त निष्काळजीपणा. अंशदायी म्हणजे ज्याला लागलं त्याचाच दोष. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास पडतात आणि जखमी माणसाचे पैसे नाहक कापले जातात. शब्दवेडी, तुमच्या अनुवादात याची काळजी घ्या.

भटक्या : बरं, शून्य नाही. मग अर्धे-अर्धे करून टाका.

जुना_वकील : डोकी मोजून वाटा ठरत नाही. कोणाची चूक किती मोठी आणि त्या चुकीने किती बिघडलं, ही दोन्ही मापं लागतात. चालत्या माणसाने फार तर स्वतःला धोक्यात घातलं. मोटरसायकल दुसऱ्याचा जीव घेऊ शकते, तेही त्यात धरतात. न्यायालयाने पादचाऱ्याचे 25 टक्के धरले आणि नुकसान 8 लाख ठरलं, तर त्याच्या हाती 6 लाख येतील. आणि हा हिशेब भरपाईपुरताच. 'त्याचीही चूक होती' एवढं म्हणून चालक फौजदारी खटल्यातून सुटत नाही.

मीनाक्षी : 'सहदोष' कसा वाटतो? छोटा आहे.

शब्दवेडी : छान आहे, पण 'सह' म्हटलं की दोघं मिळून काही केल्यासारखं वाटतं. वाटसरूंच्या प्रकरणालाच तो जास्त शोभेल!

जुना_वकील : मी 'जखमीचा स्वतःचा हातभार' असं बोलतो. निकालात मात्र अंशदायीच लिहितो.

मीनाक्षी : आणि तो पादचारी कानात इअरफोन घालून चालला असेल तर?

जुना_वकील : हॉर्न वाजला होता का, ते आधी सांगा.