सर रेकमेंडेशन लेटर देतो म्हणाले आणि गप्प झाले: रिमाइंडरचा मेल तुम्ही कसा लिहिलात?

मोगरा_२१: सुरुवात मीच करते. अमेरिकेत एमएससाठी अप्लाय करत होते. ऑगस्टमध्ये सरांच्या केबिनला जाऊन विचारलं, तर "हो हो, देतो की, लिंक पाठव" म्हणाले. नोव्हेंबरच्या १० तारखेला पोर्टलवर त्यांचा इमेल टाकला, डेडलाइन १५ डिसेंबर. मग तीन आठवडे नुसता सन्नाटा, रोज सकाळी दात घासायच्या आधी पोर्टल उघडायचं आणि त्यांच्या नावापुढे पेंडिंग बघायचं. एकदा घाबरत घाबरत "सर, काही अपडेट?" एवढाच मेल टाकला, उत्तर नाही. मग १ डिसेंबरला हा पाठवला, मूळ इंग्रजीत होता पण मथितार्थ हाच:

"आदरणीय सर, सेमिस्टरच्या शेवटी तुम्ही गडबडीत असाल, तरी आठवण करतोय याबद्दल क्षमस्व. ऑगस्टमध्ये तुम्ही लेटर द्यायला होकार दिला होता. विद्यापीठाची लिंक १० नोव्हेंबरला युनिव्हर्सिटीच्या नो-रिप्लाय पत्त्यावरून आली असेल, कदाचित स्पॅममध्ये. शेवटची तारीख १५ डिसेंबर. सीव्ही, मार्कशीट आणि तुमच्याकडे केलेल्या प्रोजेक्टची अर्धं पान माहिती सोबत जोडली आहे. यावेळी जमणार नसेल तर ५ तारखेपर्यंत कळवलंत तरी चालेल, मी दुसरी सोय करीन."

("करतोय" का लिहिलंय विचारू नका, हे भाषांतर माझ्या भावाने केलंय.) दुपारी फोन आला, लिंक खरंच स्पॅममध्ये होती. आता तुमचे अनुभव सांगा.

खडूफळा: मी स्वतः शिकवतो, म्हणून दुसरी बाजू. "काही अपडेट?" या मेलने मला काहीच कळत नाही. डिसेंबरात ओरल, सबमिशन, पेपर तपासणी, त्यात सात-आठ मुलांची लेटरं आणि एकेकाची चार-पाच युनिव्हर्सिटी. लिंकच्या मेलवर मोठ्या अक्षरात युनिव्हर्सिटीचं नाव असतं, जाहिरात समजून कितीदा उडवलंय मी! त्यामुळे रिमाइंडर जुन्याच मेलवर रिप्लाय करून पाठवा म्हणजे सीव्ही वगैरे खालीच सापडतं, विषयात तारीख टाका, आणि तारखेच्या क्रमाने युनिव्हर्सिटींची छोटी यादी. शिवाय काही पोर्टलं विद्यार्थ्याने अर्ज सबमिट केल्याशिवाय लिंकच पाठवत नाहीत. एका मुलाने मला तीनदा आठवण केली आणि अर्ज त्याचाच अर्धवट पडलेला.

बिनधास्त_बंड्या: एवढं कशाला, सरांना डेडलाइन दहा दिवस आधीची सांगायची, विषय संपला. नाहीतरी लेटर उशिरा आलं तरी चालतंच.

खडूफळा: बंड्या, लिंक उघडली की बहुतेक वेळा खरी तारीख आम्हाला फॉर्मवर दिसते, मग त्या मुलाबद्दल काय वाटेल? "मला ५ पर्यंत मिळालं तर बरं" म्हणा, ते खरंच आहे. आणि उशिराचं लेटर काही डिपार्टमेंट घेतात, काही नाही, त्यांना मेल करून विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

शांताराम_काका: मुलीचं ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटीत दोन महिने अडकलंय, त्यांना असाच मेल चालेल का? खिडकीवरचा माणूस म्हणतो साहेब रजेवर आहेत.

मोगरा_२१: काका, ते वेगळं प्रकरण, तिथे पावती नंबर घेऊन स्वतःच जावं लागेल बहुतेक.

घड्याळजी: वेळेचा घोळ माझ्याकडून झाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची रात्री ११:५९ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या आसपास (डिसेंबरात). मी सरांना "१५ च्या रात्रीपर्यंत" लिहिलं, ते बिचारे रात्री १ वाजता लॅपटॉप उघडून मला म्हणे वेळ गेली, आणि मी झोपलेलो. अजून साडेनऊ तास हातात होते. दोन्ही वेळा लिहा.

कोथिंबीर_जुडी: माझ्या सरांनी दुसऱ्या रिमाइंडरला "ड्राफ्ट लिहून आण, सही करतो" म्हटलं. मी दिला लिहून, पण स्वतःचं कौतुक करताना लाज वाटली आणि हे बरोबर का चूक अजून कळलेलं नाही.

खडूफळा: मी मुद्दे मागतो, ड्राफ्ट नाही. बाकीच्यांचं मी काय सांगू.

नाव_नकोच: मी हेडना सीसी केलं होतं. लेटर दोन दिवसांत आलं, पण नंतर सर कॉरिडॉरमध्ये बघायचेच बंद झाले. करावं का नाही?

बिनधास्त_बंड्या: लेटर आलं ना, मग झालं.

रातकिडा: माझे सर शेवटपर्यंत गप्पच. तीन मेल, पहिला तीन आठवडे आधी, दुसरा दहा दिवस आधी, तिसरा चार दिवस आधी, तिसऱ्यानंतर लॅबच्या मॅडमना विचारलं आणि पोर्टलवर रेकमेंडरचं नाव बदललं. लेटर अपलोड झालं नसेल तर बऱ्याच पोर्टलवर बदलता येतं, आधी बघून घ्या. सरांनाही कळवलं की आता तसदी नको, आभार. जानेवारीच्या ४ तारखेला त्यांचा रिप्लाय आला, "लिंक पुन्हा पाठव."