प्रति: पायॉनची उसनी ऊर्जा आणि बलाचा पल्ला

«पायॉनला उसनी ऊर्जा परत करावी लागते, मग १.४ फेम्टोमीटरपुढे बल एकदम शून्य होतं का?»

नाही. इंदूरला बी.एस्सी.च्या मुलांना शिकवते, तिथेही ही समजूत नेहमी भेटते. पायॉन हा मेसॉन प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये देवाणघेवाण होऊन अणुकेंद्रीय बल वाहतो, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार थोड्या वेळापुरती उसनी घेतली असं धरतात. त्याची स्थिर ऊर्जा सुमारे १४० MeV. ħ, म्हणजे २π ने भागलेल्या प्लांक स्थिरांकाला, तिने भागलं की उसनवारीचे ४.७ × १०⁻²⁴ सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात प्रकाश १.४ फेम्टोमीटर जातो. पण पायॉन प्रकाशवेगाने जातो असं आपण फक्त धरलेलं असतं, म्हणून या युक्तिवादातून लांबीचा अंदाज मिळतो, सीमारेषा नाही.

बल कसं घटतं ते युकावाच्या १९३५ च्या सूत्रात दिसतं: V ∝ e^(−r/a)/r, इथे V म्हणजे विभव, r म्हणजे अंतर आणि a = १.४ फेम्टोमीटर. अंतर १.४ वरून २.८ केलं तर कूलॉम्ब विभव निम्मं होतं, युकावाचं मात्र साधारण साडेपाच पटीने घटतं. ४.२ वर गेलात तर बावीस पटीने. शेपूट उरतेच, फक्त फार लवकर बारीक होते.

आणि एक फेम्टोमीटरच्या आत हे चित्र पुरत नाही. तिथे दोन पायॉनांची देवाणघेवाण आणि ρ, ω सारखे जड मेसॉनही मोजावे लागतात; वस्तुमान जास्त, म्हणून त्यांचा पल्ला आणखी कमी.